ॲनालिस्टचा रिझ्युमे न वाचता पास कसा करावा

भाऊ, तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला डेटा ॲनालिस्ट पाहिजे ना, मग पहिली गोष्ट, जाहिरात स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. पुण्यातल्या कोणत्याही आयटी कंपनीची उचला, तिच्यात एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय, टॅब्लो, स्पार्क, क्लाउड सगळं असते, खाली फक्त "ठिकाण: रिसोड तालुका" टाका. खरं काम काय आहे हे विचारूच नका, कारण ते विचारलं तर उत्तर लय साधं निघते अन् जाहिरातीची शान जाते. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून सोयाबीनच्या पावत्यांच्या एक्सेल फायली येतात, त्या एका ठिकाणी आणायच्या, कोणाचा किती माल आला न् कोणाचा चुकारा बाकी आहे ते काढायचं, शनिवारी संचालकांना दाखवायचं. बस. आता एवढ्यासाठी स्पार्क कशाले, असं कोणी विचारलंच तर म्हणायचं, पुढं लागंल.

मग रिझ्युमे येतील. समजा दोन आले. पहिल्यावर फोटो, निळी पट्टी, एसक्यूएलला पाचपैकी चार तारे, पायथनला साडेचार. हे तारे कोणी दिले म्हणता? त्यानं स्वतःच दिले, पण तारा तो तारा. खाली प्रोजेक्ट: टायटॅनिक जहाजावर कोण वाचलं याचा अंदाज, आणि सुपरस्टोअरच्या विक्रीचा डॅशबोर्ड. हे दोन्ही डेटासेट शिकणाऱ्यांसाठी नेटवर तयार ठेवलेले असतात अन् हजारो पोरांनी तेच केलेलं असते, पण तुम्हाला त्याचं काय, जहाज मोठं होतं. दुसरा रिझ्युमे एका जिनिंगवर काम केलेल्या पोराचा, एकच पान, त्यात एक ओळ: "काटापट्ट्या आणि चुकाऱ्याच्या नोंदी जुळवताना एकूण वजन जास्त येत होतं, दोन्ही याद्या जोडताना ओळी वाढत होत्या, चुकारे आधी पावतीनिहाय गोळा करून मग जोडले." असली ओळ दिसली की रिझ्युमे लगेच बाजूला ठेवा. ना तारे, ना जहाज.

त्या ओळीत काय आहे हे समजून घेण्याचा मोह होईल, तो टाळा. मी सांगतो ते फक्त टाळता यावं म्हणून. समजा तीन पावत्या आहेत, १०, १० आणि १२ क्विंटलच्या, एकूण ३२. पहिल्या दोघांना पैसे एकदम मिळाले, १२ वाल्याला दोन हप्त्यांत. म्हणजे पावतीच्या टेबलात तीन ओळी अन् चुकाऱ्याच्या टेबलात चार. आता चार तारेवाला असं लिहिणार:

```
SELECT SUM(p.vajan)
FROM pavti p
JOIN chukara c ON c.pavti_id = p.id;
```

१२ ची पावती दोन हप्त्यांना दोनदा चिकटते, उत्तर येते ४४. कॉम्प्युटर काही बोंबलत नाही, लाल अक्षर येत नाही, आकडा मस्तपैकी येते. कोणी हटकलंच तर तो `SUM(DISTINCT p.vajan)` करून देईल, मग दोन वेगळ्या शेतकऱ्यांचे १०-१० एकच धरले जातात अन् उत्तर येते २२. एकदा जास्त, एकदा कमी, हिशोब बरोबर असं म्हणून तुम्ही मोकळे. आणखी एक फायदा, साध्या `JOIN` मध्ये ज्याला अजून एक पैसाही मिळाला नाही तो शेतकरी यादीतूनच गायब होते. थकबाकी कमी करायचा याच्याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

जिनिंगवाला पोरगा काय करतो तर:

```
SELECT p.id, p.vajan, c.dile
FROM pavti p
LEFT JOIN (
  SELECT pavti_id, SUM(rakkam) AS dile
  FROM chukara GROUP BY pavti_id
) c ON c.pavti_id = p.id;
```

एका पावतीची एकच ओळ, ज्याला काही मिळालं नाही त्याची जागा रिकामी दिसते, म्हणजे संचालक मीटिंगमध्ये नसती चर्चा. म्हणून मुलाखतीत वही पुढं ठेवून "तीन पावत्या, चार चुकारे, एकूण वजन काढून दाखव बरं" हा प्रश्न चुकूनही विचारू नका. दहा मिनिटांत सगळं उघडं पडते, चहा यायच्या आत. त्याऐवजी विचारा, एसक्यूएल येते का? तो म्हणंल येते.

पायथनचंही तसंच. रिझ्युमेत मशीन लर्निंग शब्द आहे का तेवढं बघा. तुमच्या फायलींमध्ये एका केंद्रावर रकान्याचं नाव "वजन", दुसऱ्यावर "एकूण वजन (क्विं)", तिसऱ्यावर वरच्या दोन ओळींत केंद्राचं नाव न् केंद्रप्रमुखाचा मोबाईल नंबर, याच्याशी मशीन लर्निंगचा काय संबंध असं विचारायचं नाही. तारखांबद्दल तर बोलूच नका. सीएसव्हीत ५ नोव्हेंबर आपण 05/11/2024 असा लिहितो, पायथनच्या पांडास लायब्ररीला `dayfirst=True` सांगितलं नाही तर ते त्याले ११ मे समजते. ज्यानं कधी आपल्याकडची फाईल हातात घेतली आहे त्याला हे विचारायच्या आधी आठवते, कारण मे महिन्यात सोयाबीनची नवी आवक दिसली की त्याचं डोकं ठणकते. टायटॅनिकवाल्याला नाही ठणकणार, त्याच्या डेटात सोयाबीनच नव्हतं. रिझ्युमेवर "डेटा क्लीनिंग" लिहिलं असेल तर कोणत्या फायली, काय घाण होती, असं खोदून विचारणं असभ्य वाटते, सोडून द्या.

राहिला डॅशबोर्ड. इथं नियम सोपा, चार्ट मोजा. गोल, उभे, आडवे, नकाशा, स्पीडोमीटर, जितके जास्त तितका अनुभव जास्त. तो डॅशबोर्ड कोण उघडत होतं अन् उघडून काय ठरवत होतं, हे विचारलं तर बरेच जण गप्प होतात, अन् बाहेरून आलेल्या पोराला गप्प करणं आपल्या संस्कारात बसत नाही. जिनिंगवाल्यानं लिहिलंय की एक पान होतं, केंद्रानुसार ओलावा, आणि ज्या केंद्राचा माल ठरलेल्या टक्क्याच्या वर गेला तिथं दुपारीच फोन करून माल वाळवायला सांगत. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत लागते हे तुम्हालाही माहीत आहे, तरी पण एक पान म्हणजे फारच गरिबी झाली. तेही एक्सेलच्या पिव्होटमध्ये केलेलं. जाहिरातीत पॉवर बीआय लिहिलंय ना आपण, मग बाद. आपल्या ऑफिसात पॉवर बीआयचे लायसन्स आहेत का, संचालकांपैकी किती जण लॅपटॉप उघडतात अन् किती जण व्हॉट्सॲपवर आलेला फोटोच बघतात, हे प्रश्न जॉइनिंगनंतरचे.

तर चार तारेवाल्याला घ्या. पहिल्या शनिवारी प्रोजेक्टरवर स्पीडोमीटर येईल, काटा ४४ वर. गोदामात माल ३२. तिथं गडबडून जायचं नाही, १२ क्विंटल कमी आहे म्हणजे कोणीतरी नेलं हे उघडच आहे, लगेच चौकीदाराला बोलवा, मग काटेवाल्याला, मग गोदामाच्या मागच्या बाजूला उंदरांची बिळं आहेत का बघायला माणूस पाठवा. संचालकांपैकी एखादा म्हातारा म्हणंल, बापा, १२ वाल्याला पैसे दोनदा दिले होते ना आपण, त्याचं काही असंल का? त्याले खाली बसवा अन् वाशीमवरून सीसीटीव्हीवाल्याचं कोटेशन मागवा, चार कॅमेऱ्यांचं.