लाईट, दहावी आणि आमच्या आईचं बटण

घरात दहावीची पोरगी असली की मार्चमध्ये दोन टाईमटेबलं भिंतीवर लागतात, एक बोर्डाचं आणि दुसरं भारनियमनाचं. बोर्डाचं निदान पाळलं तरी जातं. आमच्या तालुक्याच्या गावात लाईट संध्याकाळी सहा ते साडेआठ जाणार असं ठरलेलं असतं, पण मग साडेआठला यायच्या ऐवजी कुठेतरी खांबावरचा डीओ फ्यूज उडतो, वायरमनचा फोन बंद लागतो आणि साडेनऊपर्यंत सगळी गल्ली ओट्यावर बसून दुसऱ्या गल्लीत लाईट आहे का नाही याची चौकशी करते. आणि तेवढ्या वेळात पोरीचा नेमका विज्ञान भाग 1 चा अभ्यास चालू असतो.

तर यावर्षी फेब्रुवारीतच मी म्हटलं, आधीपासून प्लॅनिंग करायचं. पहिल्यांदा माळ्यावरून इमर्जन्सी लाईट काढला. गेल्या पावसाळ्यात वापरलेला, चकचकीत, एकदम नवा दिसतोय. प्लगला लावला तर लख्ख पेटला. बायको म्हणाली, "बघा, उगाच नवीन आणायला निघाला होता." रात्रभर चार्जिंगला ठेवला, सकाळी पिन काढली आणि दहा मिनिटांत साहेब पिवळे पडले, मग लाल, मग गप्प. हा जुन्या पद्धतीचा, आत लेड ॲसिडची बॅटरी असलेला. ती बॅटरी रिकामी करून तशीच महिनोन्‌महिने माळ्यावर टाकली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग कितीही चार्ज करा, ती भरल्याचं नुसतं नाटक करते. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी चार्ज करायला पाहिजे होती, पण माळ्यावर चढून बॅटरीची विचारपूस कोण करतं? प्लगमध्ये असताना लख्ख आणि पिन काढली की ढिम्म, एवढी खूण पुरते. परत माळ्यावर.

मग रिचार्जेबल बल्ब आणला, आपण ज्याला इन्व्हर्टर बल्ब म्हणतो तो. नेहमीच्या होल्डरमध्ये लावायचा, लाईट गेली की आपोआप चालू. दुकानदाराने बल्बच्या बुडाला दोन बोटं लावून हातातच पेटवून दाखवला तेव्हा आई चार पावलं मागे सरकली. खोक्यावर 9 वॅट, 4 तास बॅकअप असं छापलेलं. मी घरी येऊन पोरीच्या खोलीत लावला आणि पहिल्याच दिवशी लाईट गेल्यावर पाऊण तासात बल्ब विझला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात. मी दुकानदाराला मनातल्या मनात बरंच काही बोललो.

गुन्हेगार घरातच होता. हा बल्ब होल्डरमध्ये असताना बटण चालू असेल तरच चार्ज होतो, आणि पूर्ण भरायला आठ-दहा तास खातो. आमच्या आईचं आयुष्य दिवसाढवळ्या चालू राहिलेली बटणं बंद करण्यात गेलंय. पोरगी शाळेत गेली की ही खोलीत जाऊन खट्. मी बटण लावायचो, ती बंद करायची, दिवसभर आमचा मूक सामना. शेवटी मी बटणाच्या वर चिठ्ठी चिकटवली, "हे बटण बंद करू नये." त्यानंतर बल्ब संध्याकाळभर टिकायला लागला. पण आत एकच छोटी सेल असते, साधारण आठ वॅट-अवरची, म्हणजे चार तास चालवायचा तर तो 2 वॅटनेच पेटणार, 9 ने नाही. खोलीत माणूस धडपडत नाही एवढा उजेड. त्यावर रेडिएशन आणि रेझिस्टन्स वाचायला लावलं तर पोरगी दोन्ही एकच समजेल.

म्हणून वाचायला वेगळा टेबल लॅम्प, यूएसबीवर चालणारा. आता इथे आमचे मेव्हणे आले, त्यांना सगळ्यातलं कळतं. त्यांनी पॉवरबँकेवर लावायची एक लायटरएवढी एलईडी पट्टी आणून दिली, तीस-चाळीस रुपयांची. लावली की पेटायची आणि अर्ध्या मिनिटात बंद. परत बटण दाबा, परत अर्धा मिनिट. कारण असं की ती पट्टी इतका कमी करंट ओढते की पॉवरबँकेला वाटतं, मोबाईल फुल झाला, आपलं काम संपलं, आणि ती झोपते. काही पॉवरबँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड लागतो, आमच्यात नाही. पोरगी एक व्याख्या, एक बटण, एक व्याख्या, एक बटण असा अभ्यास करत होती. मी मग सरळ 5 वॅटचा वाकवता येणारा लॅम्प आणला, तो एक अँपिअर ओढतो, पॉवरबँक जागी राहते.

आता हिशोब. मेव्हणे म्हणाले, "पॉवरबँक 10000 ची, मोबाईल 5000 चा, म्हणजे दोनदा फुल होऊन वर लॅम्प फुकट." पोरीने पुस्तकातून मानसुद्धा वर केली नाही. तिचा विद्युतधारेचे परिणाम हा धडा नुकताच झालेला. "मामा, 10000 एमएएच हे आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचे. 37 वॅट-अवर झाले. बाहेर 5 व्होल्ट करताना काही जातात. मागे बारीक अक्षरात वाचा." मागे खरंच मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात 5 व्होल्टला 5800 लिहिलेलं होतं. म्हणजे 29 वॅट-अवर. 5 वॅटचा लॅम्प तीन तास चालवला की 15 गेले, राहिले 14. मोबाईल पूर्ण भरायला 20-22 लागतात, म्हणजे लॅम्पनंतर फोनला जेमतेम दोन तृतीयांश चार्ज. मेव्हण्यांनी पॉवरबँक उलटसुलट करून बघितली आणि चहाचा विषय काढला.

त्यामुळे नियम झाला, पॉवरबँक आधी लॅम्पची, उरलं तर फोनची. फोन संध्याकाळी साडेपाचलाच भिंतीवर फुल करायचा, नोट्सच्या पीडीएफ आधीच डाऊनलोड करून ठेवायच्या, कारण लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीपण मान टाकते आणि मग फोन रेंज शोधत शोधत स्वतःच रिकामा होतो. त्यावेळी फ्लाईट मोड. याला बायकोचा सक्त विरोध होता, तिची मालिका त्याच फोनवर असते, शेवटी तिला तिचा फोन तिच्या चार्जिंगवर असा तह झाला.

लॅम्प कुठे ठेवायचा यावर एक वाद झालाच. मेव्हणे म्हणाले डावीकडे, म्हणजे हाताची सावली पडत नाही. पोरगी डावखुरी आहे. उजवीकडे ठेवला. आणि इन्व्हर्टर बल्बही चालूच ठेवायचा, नाहीतर वहीवर झगझगीत आणि बाजूला मिट्ट काळोख, अर्ध्या तासात डोळे दुखतात. चिलटं मात्र दोन्हीकडे सारखीच येतात, त्यांच्यावर प्लॅनिंग चालत नाही.

आता सगळं बसलंय. फक्त काल मीटर जोरात पळताना दिसला म्हणून घरभर फिरलो तर बाथरूमचा गीझर चालू, वरच्या खोलीतला पंखा चालू, देवघराची माळ चालू, अंगणातला दिवा भर दुपारी चालू. आईला विचारलं तर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तूच चिठ्ठी लावलीस ना, बटण बंद करू नये म्हणून? चार्ज होऊ दे सगळं."