युनिटं तेवढीच, बिटकॉइन कमी

‘स्पॉट फंड घ्या नाहीतर थेट बिटकॉइन घ्या, हाती येतं ते एकच.’

असं एकाने ठामपणे सांगितलं, पण हे मला अजिबात पटलं नाही. स्पॉट फंड म्हणजे खरेखुरे बिटकॉइन साठ्यात ठेवून त्यांची युनिटं शेअर बाजारात विकणारे फंड. अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून सुरू झालेले हे फंड आपलं शुल्क साठ्यातले बिटकॉइन विकूनच भागवतात. समजा आज १००० युनिटांमागे एक बिटकॉइन आहे आणि शुल्क वर्षाला ०.२५ टक्के. दहा वर्षांनी खात्यात युनिटं १०००च दिसतील, पण त्यांच्यामागे साधारण ०.९७५ बिटकॉइन उरलेलं असेल. वेगळं बिल येत नाही, म्हणून हे कुणाच्या लक्षातच येत नाही! थेट बिटकॉइनची गुप्त डिजिटल किल्ली स्वतः सांभाळायचा ताप वाचतो, त्याची ही किंमत म्हणा. मला ती जास्त वाटत नाही, पण सांगायला हवी होती.

आणि वेळेचं काय? या फंडांची युनिटं जिथे विकली जातात तो न्यूयॉर्कचा बाजार आमच्या नागपुरात शनिवारच्या पहाटे बंद होतो, तो सोमवारी संध्याकाळी उघडतो. बिटकॉइन मात्र रविवारीही चालूच. रविवारी भाव कोसळला तर थेट कॉइनवाला तेव्हाच विकू शकतो, फंडवाल्याला सोमवारी उघडेल तो भाव घ्यावा लागतो. युनिटं देऊन कॉइन मागायची सोयही आपल्यासारख्या किरकोळ गुंतवणूकदाराला नाही.