खाडाखोडीची कला : वही लिहिणाऱ्यांस काही नम्र सूचना

काजूचा हंगाम संपला, पावसाने वहीच्या पुठ्ठ्यावर बुरशी आणली, आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावातील एका संस्थेची काजू खरेदीची वही संगणकावर चढवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. तीन आठवडे त्या वहीसमोर बसल्यानंतर माझी खात्री झाली आहे, की चुकलेला आकडा दुरुस्त करणे ही एक कला आहे आणि ती आपल्याकडे पूर्णत्वाला गेली आहे. ज्यांना ती अजून साधलेली नाही, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली सूचना अशी, की चुकीचा आकडा कधीही खोडू नये. त्याच्यावरच दुसरा आकडा गिरवावा, आणि पेन असे दाबावे की पुढच्या तीन पानांवर त्याचे वळ उठतील. देवनागरी आकडे या कामाला फार सोयीचे आहेत. १ चा ७ होतो, ७ चा ९ होतो, आणि थोडा धीर धरला तर तिघेही एकाच निळ्या ढेकळात गुण्यागोविंदाने नांदतात. वाचणाऱ्याला वाटते, की जो आकडा जास्त गडद तोच नंतरचा. त्याला तसेच वाटू द्यावे. एकाच बॉलपेनने दोनदा गिरवले, तर वरची रेघ कोणती हे भिंगातूनही खात्रीने सांगता येत नाही, आणि पानाचा फोटो काढून पाठवला तर उरलीसुरली आशाही मावळते.

पांढरी शाई अवश्य लावावी आणि ती वाळण्यापूर्वीच त्यावर लिहावे.

सही करू नये, तारीख घालू नये. दुरुस्ती कोणी केली हे कळले, तर उद्या कोणी विचारायला येईल.

आता मुख्य सूचना दराच्या रकान्याविषयी, कारण खरे कसब तिथे दिसते. पानाच्या पहिल्या ओळीत दर लिहावा आणि खाली शेवटपर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या दोन तिरक्या रेघा ओढत जावे. मग आठवावे, की दर कालचा होता, आज उतरला आहे. अशा वेळी फक्त पहिल्या ओळीतला आकडा गिरवून बदलावा. खालच्या रेघा जुन्या दराकडे बोट दाखवतात की नव्या, हा प्रश्न पुढच्या पिढीवर सोपवावा.

पुढची पिढी म्हणजे मी. पान सदतीस, पहिली ओळ. पोत्यासह वजनाच्या रकान्यावर बोंडूच्या रसाचा तपकिरी डाग, त्यामुळे तिथे काहीच वाचता येत नाही. बारदान १ किलो. निव्वळ वजन ६१, ६७ की ६९, तुम्हीच ठरवा. दर १२० की १२६, तेही ढेकूळ. रकमेच्या रकान्यात मात्र लिहिणारा घाईत असावा, कारण तिथे त्याने चुकून योग्य तेच केले : ८,४४२ वर एकच आडवी रेघ मारली आणि वर स्पष्ट ८,०४० लिहिले. खोडलेला तो आकडाच या ओळीचा साक्षीदार ठरला. ८,४४२ ला १२६ ने भागा, बरोबर ६७ येतात. ८,०४० ला १२० ने भागा, पुन्हा ६७. त्याच रकमेला ६१ ने भागले तर दर १३१ रुपये ८० पैसे निघतो आणि ६९ ने भागले तर ११६ रुपये ५२ पैसे. त्या वहीत तर सगळे दर पूर्ण रुपयांत आहेत. म्हणजे वजन ६७, आधीचा दर १२६, नंतरचा १२०. पावती पुस्तकातली कार्बनची प्रत काढून पाहिली, तर तिथेही ६७ आणि ८,०४० हेच होते. जुना आकडा खोडूनही वाचता येत होता, म्हणून हे जमले. त्याच्यावरच नवा गिरवला असता, तर पावती सापडेपर्यंत मी तिथेच बसले असते.

आता खालच्या ओळी पाहा. दुसरी ओळ ४५ किलो, रक्कम ५,४००, म्हणजे दर १२०. तिसरी ३८ किलो, ४,५६०, दर तोच. सहाव्या ओळीपर्यंत असेच चालते. सातव्या ओळीपासून अक्षर बदलते, बहुधा जेवणाच्या सुट्टीत दुसरे कोणी बसले असावे, आणि ५२ किलोंचे ६,५५२ होतात. दर १२६! दुसऱ्या माणसाने वरचे ढेकूळ १२६ असे वाचले आणि पानाच्या शेवटपर्यंत त्याच दराने हिशेब केला. पावत्या पाहिल्या, तर पैसेही त्याच दराने दिलेले. पानाची बेरीज तर आणखी ४०२ रुपयांनी जास्त. ४०२ म्हणजे ६७ गुणिले ६. पहिल्या ओळीची जुनीच रक्कम बेरजेत गेली होती आणि ती चूक ‘पुढे नेली’ म्हणून अडतिसाव्या पानावर मुक्कामाला गेली.

मी वही घेऊन पहिल्या सहा ओळी लिहिणाऱ्या गृहस्थांकडे गेले. ते म्हणाले, “ताई, मनात काय होते ते लिहायचे. कागदावर काय आहे ते कशाला बघता?”

मनात काय होते! साहेब, तुमच्या मनात १२० होते, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या मनात १२६ होते, आणि शेतकऱ्यांच्या हातात दोन्ही पडले. मी कोणाचे मन टंकलिखित करू? मी सातव्या ओळीत १२० घालून रक्कम ६,२४० केली, तर वही सुंदर दिसेल आणि दिलेल्या पैशाशी जुळणार नाही. म्हणून मी तिथे १२६ आणि ६,५५२ हेच चढवले, शेजारच्या रकान्यात ‘वहीत वरीलप्रमाणेची खूण, दर रकमेवरून काढला, पावतीशी जुळतो’ असे लिहिले, आणि पानाची बेरीज जशी होती तशी ठेवून तिच्यासमोर ४०२ चा फरक नोंदवला. पहिल्या ओळीत ८,०४० चढवले, खोडलेले ८,४४२ शेऱ्यात ठेवले. जिथे ना भागाकार लागला ना पावती सापडली, तिथे रकाना रिकामा ठेवून ‘वाचता येत नाही’ असे लिहिले. अंदाजाने भरलेला आकडा संगणकावर इतका स्वच्छ दिसतो, की त्याच्यावर पुन्हा कोणी संशय घेत नाही. जास्तीचे पैसे परत मागायचे की सोडून द्यायचे, हे समितीने ठरवावे. ते माझे काम नाही, आणि गुपचूप आकडा बदलून ते ठरवून टाकणे तर मुळीच नाही.

थट्टा पुरे झाली. तुम्हाला काय जड जाते हो? आकडा चुकला तर त्याच्यावर एक, फक्त एक, आडवी रेघ मारा. जागा असेल तर वर, नसेल तर शेजारी, पूर्ण आकडा नव्याने लिहा. शेवटचाच अंक बदलायचा असला तरी पूर्ण लिहा. छोटी सही करा, तारीख घाला. खोडलेलाच बरोबर होता असे नंतर कळले, तर त्याच्याशेजारी ‘कायम’ लिहून पुन्हा सही करा. वरचा दर बदलला तर खालच्या तिरक्या रेघा खोडून प्रत्येक ओळीत आकडा लिहा, आणि बेरीज झाली असेल तर तीही खोडून नवी मांडा. दर ओळीला दहा सेकंद लागतात. ते तुम्ही वाचवलेत आणि त्यापायी मी तीन आठवडे भागाकार करत बसले आहे, एकेका रकमेपाठी पावत्यांचा ढीग उपसत.

उद्या सकाळी पान एकेचाळीस उघडायचे आहे. तिथे तारीखच गिरवलेली आहे.