गाणी मोकळी झाली, प्रस्तावना नाही

गेल्या रविवारी जळगावातल्या आमच्या कट्ट्यावर बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांवरून वाद झाला. तो मुद्द्यांसकट लिहून ठेवतो आहे, कारण जुन्या पुस्तकांच्या हक्कांबाबत हाच गोंधळ मला जागोजागी दिसतो. मास्तरांना मुलांसाठी गाण्यांची छोटी पुस्तिका छापायची होती आणि तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकून इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवायचा होता. अक्षरजुळणी भाऊंकडे होती. भाऊंनी संग्रहाची अलीकडची आवृत्ती उघडली, शीर्षकपानामागच्या ‘सर्व हक्क राखीव’ या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “मास्तर, आधी हे वाचा, मग मला काम सांगा.”

“ती ओळ प्रत्येकच पुस्तकात असते, भाऊ,” मास्तर म्हणाले. “बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. २०११ साल संपले, पुस्तक सगळ्यांचे झाले.”

वकीलसाहेबांनी दोघांनाही थांबवले. पुस्तक प्रताधिकारमुक्त झाले, म्हणजेच पब्लिक डोमेनमध्ये आले, की त्याचा मजकूर छापायला, विकायला, अनुवादायला किंवा चालीवर बसवायला कोणाचीही परवानगी लागत नाही आणि मानधनही द्यावे लागत नाही, हे त्यांनी आधी सांगितले. पण पुस्तक ही एकसंध वस्तू नसते, त्यात चार जणांचे चार मजकूर असू शकतात आणि प्रत्येकाचे साल वेगळे मोजावे लागते, हा त्यांचा खरा मुद्दा होता. “साने गुरुजींचे गणित सोपे आहे,” ते म्हणाले. “ते ११ जून १९५० रोजी गेले. साठ वर्षे निधनाच्या तारखेपासून मोजत नाहीत, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेले सगळे लेखन १ जानेवारी २०११ रोजी मोकळे झाले. बहिणाबाईंचे तसे नाही, कारण त्यांचा संग्रह त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये निघाला. मरणोत्तर प्रथम प्रकाशित झालेल्या साहित्याची साठ वर्षे प्रकाशनाच्या सालानंतर सुरू होतात. म्हणून त्या संग्रहातील गाणी १ जानेवारी २०१३ रोजी मोकळी झाली, मास्तरांच्या हिशेबापेक्षा एक वर्ष उशिरा.”

आज हा एका वर्षाचा फरक कोणाला अडवणार नाही, पण नियम अडवू शकतो. एखादे गाणे १९५२ च्या संग्रहात नसून पुढच्या एखाद्या आवृत्तीत पहिल्यांदा छापले गेले असेल, तर त्याची साठ वर्षे त्या आवृत्तीच्या सालानंतर मोजावी लागतील. म्हणून नव्या आवृत्तीची अनुक्रमणिका पहिल्या आवृत्तीशी ताडून पाहिल्याशिवाय मजकूर उचलू नये, यावर आमचे लगेच एकमत झाले.

भाऊंचा पुढचा आक्षेप मला फार मोलाचा वाटला. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत आणि ती कागदावर उतरवली त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव यांनी आणि घरातल्या आणखी एका नातलगाने. “सोपानदेव १९८२ साली गेले,” भाऊ म्हणाले. “त्यांना सहलेखक धरले, तर शेवटी निधन पावलेल्या लेखकापासून मोजावे लागेल आणि हक्क २०४२ च्या अखेरपर्यंत चालेल.” सहलेखकांचा नियम भाऊंनी अचूक सांगितला होता. तो येथे लागू होत नाही, कारण कायद्याच्या लेखी लेखक म्हणजे रचणारा. दुसऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपणारा लेखनिक लेखक ठरत नाही. मात्र सोपानदेवांनी स्वतः लिहिलेला परिचय किंवा टीप पुस्तकात असेल, तर ती त्यांची आहे आणि तिच्यावरचा हक्क २०४२ संपेपर्यंत राहील.

प्रस्तावनेचेही तसेच. संग्रहाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि मास्तरांना ती पुस्तिकेत हवीच होती, कारण बहिणाबाई महाराष्ट्राला कळल्या त्यात अत्र्यांचा वाटा मोठा आहे. पण अत्रे १३ जून १९६९ रोजी गेले. त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० रोजी मोकळे होईल. तोवर चर्चेच्या ओघात त्यातली दोन-चार वाक्ये श्रेय देऊन उद्धृत करता येतील, संपूर्ण प्रस्तावना छापता येणार नाही. मास्तर यावर हिरमुसले. त्यांचे दुःख मला समजते, तरीही एकाच बांधणीतली गाणी मोकळी आणि प्रस्तावना बंद असू शकते, हे एकदा डोक्यात बसले की बाकी बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. ‘सर्व हक्क राखीव’ या ओळीचा अर्थही मग नीट लागतो. मुदत संपलेल्या गाण्यांवर ती ओळ नवा हक्क निर्माण करत नाही. नवे संपादकीय, अर्थाच्या टिपा, चित्रे आणि मुखपृष्ठ यांच्यापुरती ती खरी असते. ध्वनिमुद्रित गाण्यांतही कवितेचे शब्द, संगीतकाराची चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, म्हणून मास्तरांनी पुस्तिकेसोबत गाजलेली मुद्रणे वाटण्याचा विचार सोडला.

मजकूर नेमका कुठून घ्यायचा, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. माझे मत ठाम आहे: उपलब्ध असेल ती सर्वांत जुनी आवृत्ती ग्रंथालयात बसून पाहावी, तिच्या शीर्षकपानाचे आणि मागच्या पानाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि गाणी तिच्यावरूनच घ्यावीत. काही वर्षांपूर्वी मी एका नव्या आवृत्तीवरून काही गाणी टंकली होती आणि संपादकाने दिलेले शब्दार्थही त्यांच्याबरोबर उतरवले होते. ते शब्दार्थ माझ्या हक्काचे नव्हते, म्हणून सगळे काम पुन्हा करावे लागले.

पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणारी प्रणाली वापरली, तर दुसरा धोका येतो. भाऊंनी तिथेच मोबाइलवर एक पान वाचून दाखवले. ‘चुल्ह्यावर’ या शब्दातला ‘ह’ गळून ‘चुल्यावर’ झाले होते आणि बोलीतले ‘तव्हा’ चक्क ‘तेव्हा’ म्हणून आले होते. प्रमाण मराठीची सवय असलेल्या मुद्रितशोधकाला यात चूक दिसतच नाही, उलट सुधारणा झाल्यासारखे वाटते. म्हणून एकाने मूळ पान मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने टंकलेला मजकूर अक्षर न अक्षर तपासावा, असे ठरले. याला कायद्याचीही बाजू आहे. प्रताधिकाराची मुदत संपल्यावरही रचनेचा विपर्यास करून कवीच्या लौकिकाला बाधा आणली, तर कायदेशीर वारस दाद मागू शकतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर या हक्काला मुदतीची अट उरलेली नाही. साधी टंकनातली चूक म्हणजे विपर्यास नव्हे, पण बोली पुसून टाकणे मला मनापासून खटकते.

उठता उठता मास्तरांनी सांगितले, की न्यू जर्सीतला त्यांचा भाचा हा मजकूर तिथल्या सर्व्हरवर ठेवणार आहे. वकीलसाहेबांना पुन्हा बसावे लागले. अशा जुन्या साहित्याचा अमेरिकेतला हिशेब प्रकाशनाच्या सालावर चालतो. १ जानेवारी १९९६ रोजी असे जे भारतीय साहित्य भारतात संरक्षित होते, त्याला तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण मिळाले. १९५२ चा संग्रह तेव्हा संरक्षित होता, त्यामुळे अमेरिकेत तो २०४७ च्या अखेरपर्यंत बंद राहील. भाच्याला तसे कळवायचे, इथला मजकूर भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा आणि पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर ‘मजकूर १९५२ च्या पहिल्या आवृत्तीवरून; भारतात प्रताधिकारमुक्त’ एवढेच छापायचे, असे ठरले. भाऊंनी ते वहीत टिपून घेतले आणि काम स्वीकारले.