टीव्ही न उघडता घेतलेले 350 रुपये आणि दोन दिवसांची वाट

‘गणपतीसाठी गावी आलो तर टीव्ही सुरूच होईना. या टीव्ही दुरुस्तीवाल्यांचा माणूस आला, टीव्ही उघडलासुद्धा नाही, “पिन काढून दोन दिवस ठेवा” म्हणाला आणि 350 रुपये घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी टीव्ही आपोआप सुरू झाला. मग आम्ही पैसे कशाचे दिले? साधा हेअर ड्रायर मारला असता तर त्याच दिवशी काम झाले असते. एक तारा.’

नमस्कार.

सणाच्या दिवसांत घरी पाहुणे असताना टीव्ही बंद राहिला आणि आमच्या माणसाने कारण न सांगताच पैसे घेतले, याबद्दल आपला राग रास्त आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याला अजून सहा घरे करायची होती, पण ती सबब पुरेशी नाही. पाच मिनिटे थांबून त्याने जे सांगायला हवे होते, ते मी येथे लिहितो.

आपल्याकडे त्याने काय पाहिले, याची नोंद त्याच्या वहीत आहे. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये वीज व्यवस्थित येत होती. टीव्हीचा लाल दिवा क्षणभर लागून विझत होता आणि आतून टिक-टिक असा आवाज येत होता. जळका वास नव्हता. टीव्ही जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, जेमतेम दोन बोटांच्या अंतराने टांगलेला होता. त्या भिंतीला ओल धरून लोणा लागला होता आणि मागच्या जाळीवर बॅटरीचा उजेड टाकल्यावर आतल्या कडेला बारीक दव दिसत होते. घर जूनपासून बंद होते, हे आपणच त्याला सांगितले होते. एवढ्यावरून बोर्ड जळलेला नसून ओलावलेला असण्याची शक्यता अधिक आहे, असे त्याने ठरवले, आणि ते बरोबर ठरले.

टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये घरातली 230 व्होल्टची वीज आधी सुमारे 325 व्होल्टच्या डीसी दाबात बदलते. बोर्डावर धूळ बसलेली असते, आणि कोकणात त्या धुळीत खारटपणाही असतो. अशी धूळ कोरडी असेपर्यंत निरुपद्रवी असते, पण तीन महिने बंद असलेल्या घरात ती ओल शोषून घेते आणि मग दोन तांब्याच्या रेषांमधून थोडी वीज वाट काढू लागते. सप्लायमधल्या संरक्षक यंत्रणेला हा बिघाड वाटतो, ती सप्लाय बंद करते, पुन्हा सुरू करून पाहते आणि पुन्हा बंद करते. आपण ऐकलेली टिक-टिक ती हीच.

अशा वेळी रिमोट पुन्हा पुन्हा दाबण्याचा मोह होतो, आणि खरे नुकसान तिथेच होते. नुसती ओल दोन-तीन दिवसांत निघून जाते व बहुतेक वेळा मागे काही राहत नाही. मात्र ओल्या बोर्डावर दाब सोडला की ठिणगी पडून दोन रेषांमध्ये कोळशाची काळी वाट तयार होऊ शकते, आणि कोळसा कितीही वाळवला तरी वीज वाहून नेतच राहतो. मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने सकाळपासून दुपारपर्यंत प्रयत्न केले, शेवटी आत फट्‌ असा आवाज झाला आणि आम्हाला संपूर्ण सप्लाय बोर्ड बदलावा लागला. आपला टीव्ही त्या दिवशी उघडला नाही, याचे कारण तो उघडण्याची गरज नव्हती. शिवाय पिन काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो. म्हणून मागचे झाकण घरी कोणीही काढू नये.

हेअर ड्रायरबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण आपले परीक्षण वाचून कोणीतरी तो वापरील. त्याची गरम हवा एकाच जागी पडते. पडद्यावरच्या पातळ फिल्म आणि त्यांना धरणारा चिकट थर तेवढ्या उष्णतेसाठी बनवलेला नसतो, आणि एकदा डाग पडला की तो पुसला जात नाही. जाळीतून जोराने मारलेल्या हवेने दव बाहेर येण्याऐवजी आणखी आतही सरकते. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवण्यालाही हाच आक्षेप आहे.

त्याऐवजी आधी स्विच बंद करून पिन भिंतीतून पूर्ण काढावी. नुसता स्विच बंद केल्याने दोनपैकी एकाच तारेची जोडणी तुटते, आणि जुन्या वायरिंगमध्ये ती वीज आणणाऱ्या तारेऐवजी भलतीच असू शकते. सेट टॉप बॉक्स व डिशची वायरही सोडवावी. मग दोघांनी मिळून टीव्ही भिंतीवरून उतरवून टेबलावर उभाच ठेवावा, पालथा नव्हे, आणि भिंतीपासून हातभर दूर. बाजूने पंखा मध्यम वेगाने चालू ठेवावा. बाहेर पाऊस कोसळत असताना खिडक्या उघड्या ठेवल्या तर पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो. म्हणून पावसात खिडक्या बंद आणि उघडीप मिळाली की उघड्या, असे करावे. एसी असेल तर त्याचा ड्राय मोड सर्वांत उत्तम. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या खोलीत ठेवून काही साधत नाही, आणि प्लास्टिकचे कव्हर तर ओल आत कोंडते. यासाठी 48 तास धरावेत. आपल्यासारखी भिंत असेल तर 72.

पुन्हा सुरू करताना हात कोरडे असावेत, पायात चप्पल असावी आणि पिन एक्स्टेंशन बोर्डात न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावी. स्विच चालू करून लगेच रिमोट दाबू नये. लाल दिवा दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहतो का ते पाहावे, वास येतो का, चरचर ऐकू येते का याकडे लक्ष ठेवावे, आणि मगच एकदा बटण दाबावे. दिवा पुन्हा लुकलुकला, चरचरले किंवा घरातला ब्रेकर पडला, तर स्विच बंद करून पिन काढावी आणि त्यानंतर स्वतः प्रयत्न करू नये. सुरू झाला तर दोन तास चालू ठेवावा, म्हणजे आतल्या उष्णतेने उरलीसुरली ओल निघते.

हे सारे हवेतल्या दमटपणाबद्दल आहे. कौलातून गळलेले पाणी आत शिरले असेल किंवा पुराचे पाणी लागले असेल, तर कितीही दिवस वाळवून घरी सुरू करून पाहू नये. पाणी सुकले तरी गाळ आणि क्षार बोर्डावर राहतात आणि बोर्ड बाहेर काढून धुतल्याशिवाय ते जात नाहीत.

आपला टीव्ही आज चालत असला तरी ती भिंत तशीच आहे. आपण मुंबईला परतल्यावर घर पुन्हा बंद राहील, तेव्हा निघताना पिन काढून ठेवा आणि जमल्यास टीव्ही आतल्या भिंतीवर हलवा. तेही शक्य नसेल तर भिंत आणि स्टँड यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालून चार बोटांची जागा करून घ्या.

घेतलेले 350 रुपये येण्याजाण्याचे आणि तपासणीचे होते. ते आधी फोनवर सांगितले गेले नाही ही आमची चूक आहे, आणि आता फोन घेणाऱ्या मुलाला तशी सक्त सूचना दिली आहे. पावती जपून ठेवावी. महिनाभरात हाच दोष पुन्हा आला आणि बोर्ड काढून साफ करावा लागला, तर ही रक्कम मजुरीतून वजा केली जाईल.