रात्रभराच्या रेकॉर्डिंगमधले खोकले असे मोजून होत नाहीत

"आता काही शिकायची गरज नाही. आवाज ओळखणारी तयार मॉडेल फुकटात मिळतात, ९५ टक्के अचूक. मोबाईल उशाशी ठेवा, रात्रभर रेकॉर्डिंग करा, सकाळी फाईल मॉडेलमध्ये टाका. किती वेळा खोकला आला, बाळ किती वेळा रडलं, बेल किती वेळा वाजली, सगळे आकडे समोर. ऐकत बसायचं कारणच नाही."

असा सल्ला हल्ली ऐकू येतो. त्यातलं आधी ९५ टक्क्यांचं बघू, कारण बाकी सगळा विश्वास त्यावर उभा आहे. हा आकडा खोटा नाही, पण तो येतो छोट्या, निवडून ठेवलेल्या तुकड्यांवरून. ईएससी-५० हा अशा चाचण्यांसाठी फार वापरला जाणारा संच आहे. त्यात ५ सेकंदांचे २,००० तुकडे, ५० प्रकारचे आवाज, प्रत्येकाचे ४० नमुने. रडणारं बाळ आणि खोकला दोन्ही त्यात आहेत. तिथे मॉडेलला विचारलेलं असतं, "या पन्नासांपैकी हा आवाज कोणता?" प्रत्येक तुकड्यात काहीतरी आहे हे आधीच ठरलेलं. रात्रभराच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र बहुतेक वेळ विचारलेलं काहीच नसतं, आणि मॉडेलने हजारो वेळा "नाही" हे बरोबर म्हणायचं असतं. ही परीक्षाच वेगळी आहे.

हिशोब मांडून बघा. गूगलचं यामनेट हे मॉडेल या कामाला सर्रास वापरतात. ते आवाजाचे ०.९६ सेकंदाचे तुकडे तपासतं आणि दर वेळी ०.४८ सेकंद पुढे सरकतं. आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद, म्हणजे ६०,००० तुकडे. समजा रात्रीत ६० खोकले झाले. अर्ध्या सेकंदाचा एक खोकला साधारण तीन तुकड्यांना शिवतो, तेव्हा खोकला असलेले तुकडे १८०. उरलेल्या ५९,८२० तुकड्यांत खोकला नाही. यातले ५ टक्के चुकले तर खोटे इशारे २,९९१. खरे सापडले ते १७१. मॉडेलने "खोकला" म्हटलेल्या अठरा-एकोणीस तुकड्यांत एखादाच खरा. आणि एकही तुकडा न तपासता प्रत्येक वेळी "खोकला नाही" म्हणणारा प्रोग्राम या रात्रीवर ९९.७ टक्के अचूक ठरतो! म्हणून लांब रेकॉर्डिंगसाठी टक्केवारी विचारूच नका. तासाला खोटे इशारे किती आणि खऱ्यांपैकी सुटले किती, हे दोन आकडे विचारा.

यावर कुणी म्हणेल की उंबरठा वाढवा, म्हणजे मॉडेलचा अंक कितीच्या वर गेला की "खोकला" धरायचा ती मर्यादा वाढवा, खोटे इशारे कमी होतील. होतात, पण उंबरठा कितीवर ठेवायचा हे मॉडेल सांगत नाही. यामनेट ५२१ प्रकारच्या आवाजांना ० ते १ मधला एकेक अंक देतं, आणि ते अंक म्हणजे संभाव्यता नव्हे, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. खोकल्याचा ०.५ आणि बेलचा ०.५ यांचा अर्थ एक नाही. एका खोलीत जमलेला उंबरठा दुसऱ्या खोलीत फसतो. शिवाय चुका सुट्या सुट्या येत नाहीत. पलंग करकरला आणि मॉडेलला तो खोकला वाटला, तर कूस बदलेल तेव्हा तेव्हा वाटणार. घोरणं, घसा खाकरणं, कुत्र्याचं भुंकणं यांचंही तसंच. माझ्या मते हा आवाज-शोधाचा सगळ्यात कमी समजलेला भाग आहे: आपण वारंवार येणारा आवाज शोधतो, आणि चूकही वारंवार त्याच आवाजाची होते.

याचा फायदाही करून घेता येतो. सापडलेल्या जागा वेळेनुसार लावा आणि लागोपाठच्या दोन जागांमधलं अंतर काढा. खोकल्याची उबळ येते, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा उबळ, असं विस्कळीत चित्र हवं. दर बारा-तेरा सेकंदांनी नेमाने "खोकला" येत असेल तर तो माणूस नाही, काहीतरी फिरणारं यंत्र आहे. घोरण्याचे खोटे इशारे श्वासाच्या लयीत, म्हणजे दर चार-पाच सेकंदांनी येतात. हे ऐकायच्याही आधी, नुसत्या वेळांच्या यादीवरून दिसतं.

आता "फाईल टाका". यामनेटला १६,००० हर्ट्झवर नमुने घेतलेला, एकाच चॅनेलचा आवाज लागतो. मोबाईलची फाईल बहुधा ४४,१०० किंवा ४८,००० ची असते. ती न बदलता तशीच घातली तर प्रोग्राम तक्रार करत नाही, आकडे देतच राहतो. ४४,१०० ची फाईल असेल तर मॉडेलच्या दृष्टीने सगळं रेकॉर्डिंग पावणेतीन पट संथ आणि तितकंच खालच्या पट्टीत जातं. बाळाच्या रडण्याचा मूळ स्वर साधारण ४५० हर्ट्झच्या आसपास धरला तर तो १६३ वर येतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या आवाजाच्या पट्टीत. मग रडणं "बोलणं" ठरू शकतं आणि लोक मॉडेलला नावं ठेवतात. फाईल वाचतानाच बदल करून घ्यायचा:

```python
import librosa
y, sr = librosa.load("raat.wav", sr=16000, mono=True)
```

चूक पकडण्याची खूणही सोपी आहे. आठ तासांचे तुकडे ६०,००० च्या आसपास यायला हवेत. १,६५,००० आले तर फाईल बदललेलीच नाही.

दुसरी अडचण रेकॉर्डिंगच्या आधीच होऊन गेलेली असते. बोलणं स्वच्छ यावं म्हणून मोबाईलची काही रेकॉर्डिंग अ‍ॅप बाकीचा आवाज दाबतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाचा खोकला त्यांच्या लेखी गोंगाटच. फाईलचा आलेख मोठा करून दोन आवाजांमधली शांतता बघा. खऱ्या खोलीत ती कधीच सपाट नसते, बारीक खरखर असते. रेघ अगदी सरळ दिसली आणि आवाज आला की खरखर अचानक परतली, तर मधलं बरंच काही कापलं गेलंय. ते कोणतंही मॉडेल परत आणू शकत नाही. अ‍ॅपमध्ये आवाज-शुद्धी बंद करायची सोय असेल तर ती बंद करूनच रात्र सुरू करा.

सगळ्यात मोठा घोळ मात्र "किती वेळा" या शब्दांत आहे. मॉडेल तुकडे देतं, खोकले देत नाही. एक उबळ घ्या. तीन खोकले, सुरुवात ० सेकंद, ०.४५ आणि ०.९५ वर, प्रत्येक ०.४ सेकंदाचा. तुकड्यांची एक सुरुवात समजा –०.६० वर आली, मग पुढच्या –०.१२, ०.३६, ०.८४ आणि १.३२ वर. पहिल्या चारांत खोकल्याचा भरपूर भाग आहे, पाचव्यात नुसती शेपटी. म्हणजे चार तुकड्यांवर "खोकला" लागला. तुकडे मोजले तर चार. लागोपाठचे तुकडे जोडून एक घटना धरली तर एक. खरे खोकले तीन. उंबरठा वरखाली करून तीन आले तरी तो योगायोगच, कारण मधल्या दोन तुकड्यांत दोन-दोन खोकले एकमेकांत मिसळलेले आहेत.

म्हणून आधी ठरवायचं की मोजायचं काय. खोकल्यात आधी एक स्फोटासारखा झटका असतो, मग घर्षणाचा मधला भाग, आणि कधी कधी शेवटी सूर असलेला भाग. खोकल्याचा अभ्यास करणारे कधी हे झटके मोजतात, कधी खोकल्याने भरलेले सेकंद, आणि कधी उबळी. उबळ मोजताना दोन सेकंदांचा खंड पडेपर्यंत ती एकच धरतात. वरच्या उदाहरणात झटके तीन, सेकंद दोन, उबळ एक. तिन्ही बरोबर, पण आज झटके आणि उद्या उबळी मोजून औषध लागू पडलं असं म्हणता येत नाही.

उबळी हव्या असतील तर तुकडे जोडून काम भागतं. दोन उंबरठे ठेवा: वरचा ओलांडला की घटना सुरू, खालच्याच्याही खाली गेलं की संपली, आणि दोन सेकंदांपेक्षा कमी खंड असेल तर जोडून टाका. एकच उंबरठा ठेवला तर त्याच्या काठावर अंक हेलकावतो आणि एका उबळीच्या तीन होतात. झटके हवे असतील तर मॉडेलचा उपयोग फक्त जागा दाखवण्यापुरता. त्या जागी मूळ आवाजाकडे परत जा, दर १० मिलिसेकंदांची ऊर्जा काढा आणि ती एकदम उसळते त्या जागा मोजा. खोकल्याचा झटका इतका तीव्र असतो की शांत खोलीत हे चांगलं जमतं. दोन माणसं खोकत असतील तर जमत नाही.

बेलचं काम याहून फार सोपं आहे, आणि तिथे मॉडेल बहुतेकदा लागतच नाही. तीच बेल दर वेळी तोच आवाज काढते. तिचा एक स्वच्छ नमुना घ्या, त्याचं वर्णपट-चित्र, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीचा आवाज किती हे दाखवणारं चित्र, रेकॉर्डिंगच्या तशाच चित्रावरून सरकवत न्या, जिथे जिथे जुळणी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तिथे बेल. बाळाचं रडणं असं जुळवता येत नाही, कारण दोन रडणी सारखी नसतात. पण ते लांबतं, त्यामुळे पाच-दहा सेकंदांच्या अंकांची सरासरी घेतली तर एखादा चुकार तुकडा आपोआप गळतो. खोकल्याला ही सवलत नाही, सरासरीत खोकलाच पुसला जातो.

राहिलं ऐकणं. त्याला फार वेळ लागत नाही. उंबरठा मुद्दाम खाली ठेवा, सापडलेल्या प्रत्येक जागेचा आगेमागे सेकंदभर धरून तीन सेकंदांचा तुकडा कापा, आणि जास्त अंकाकडून कमीकडे ऐकत जा. ३०० तुकडे म्हणजे पंधरा मिनिटं. खोटे कुठून सुरू होतात ते कानाला लगेच कळतं, आणि या रेकॉर्डिंगपुरता उंबरठा तिथे. पण याने फक्त खोटे इशारे कळतात, सुटलेले खोकले नाही. त्यासाठी रात्रीतून पाच-पाच मिनिटांचे बारा भाग चिठ्ठ्या टाकून निवडा आणि मॉडेलची यादी न बघता ऐका. आधी यादी बघितली की कान तिथेच खोकला शोधतो. खोकले उबळींनी येत असल्याने बाराही भाग रिकामे निघू शकतात, म्हणून निम्मे भाग मॉडेलचा अंक थोडाफार हललाय अशा जागांतून घ्या आणि त्यांचा हिशोब वेगळा ठेवा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या भागांत तुम्हाला ९ खोकले ऐकू आले आणि मॉडेलच्या यादीत त्यातले ७ असतील, तर रात्रीच्या आकड्याशेजारी "९ पैकी ७" असंच लिहा. ७ ला ९ ने भागून रात्रीचा आकडा वाढवू नका. नवाला तेवढा भार पेलत नाही.