रजेच्या अर्जात ‘वैयक्तिक कारण’ एवढंच पुरतं का?

मंद्या कट्ट्यावर आला तोच तणतणत. त्याच्या टीममधल्या एका मुलीनं पुढच्या महिन्यातली चार दिवसांची रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ एवढंच लिहिलं. यानं विचारलं, नेमकं काय? ती म्हणाली, “सर, वैयक्तिक आहे.”

“त्याच आठवड्यात रिलीज आहे. टीम लीड म्हणून मला कळायला नको?”

अण्णांची सगळी नोकरी पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत रजेचे अर्ज बघण्यात गेली. त्यांनी एवढंच विचारलं, “रजा तिच्या खात्यावर शिल्लक आहे, की तू जास्तीची देतोयस?”

“शिल्लक आहे. पीएल.”

“मग कारण घेऊन काय करणार? आमच्या १९८१ च्या रजा नियमांत अर्धवेतनी रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर किंवा खाजगी कामासाठी मिळते. खाजगी काम कसलं, हे नियम विचारत नाही. तीच रजा परिवर्तित करून पूर्ण पगारी हवी असेल तर मात्र डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे जादा काही मागितलं तरच पुरावा.”

“पण रजा हा हक्क नाही, असंही तुमच्याच नियमात आहे ना?”

“आहे. कामाची निकड असेल तर नाकार, पुढे ढकल. फक्त ती निकड तुझ्या कामात दाखव. त्या मुलीच्या घरात काय चाललंय याच्याशी त्या निकडीचा संबंध नाही.”

मंद्यानं मग जो मुद्दा काढला तो मला रास्त वाटला. एकाच आठवड्यात दोघांचे अर्ज आले आणि एकालाच सोडता येत असेल, तर निवडायचं कसं? एक गोव्याला चाललाय आणि दुसऱ्याच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, हे कळल्याशिवाय?

सुनीताताई एका कारखान्यात एचआर बघते. ती म्हणाली, “दोघांनाही विचार, तारीख हलू शकते का? ऑपरेशनवाला नाही म्हणेल, गोव्याचा बहुधा हो म्हणेल. दोघंही नाही म्हणाले, तर अडचण दोघांसमोर मांड. ज्याला सांगायचंय तो आपणहून सांगेल. तुला लागतं ते एवढंच: किती दिवस, तारीख पक्की आहे का, काम कोणाकडे सोपवलंय, फोन लागेल का. याच्या पलीकडची माहिती तुझ्या नियोजनात कुठे बसते, सांग.”

मंद्याला उत्तर सुचलं नाही. पण ताईचं खरं म्हणणं पुढे होतं, आणि ते उलट्या बाजूचं होतं. ‘वैयक्तिक’ लिहून गप्प राहण्यात कधीकधी अर्जदाराचंच नुकसान होतं.

“गर्भपात झाला तर बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनची तरतूद आहे. ही रजा तिच्या खात्यातून वजा होत नाही, पण तिच्यासाठी वैद्यकीय पुरावा द्यावा लागतो. आता साहेबाला सांगायला नको म्हणून ती ‘वैयक्तिक कारण’ लिहिते आणि आपली शिल्लक पीएल संपवते. शिल्लक संपली की बिनपगारी. हक्काची रजा तशीच राहते, कारण आम्हाला कळलेलंच नसतं.”

“म्हणजे मॅनेजरला सांगायलाच हवं,” मंद्या लगेच म्हणाला.

“नाही! दाखला माझ्याकडे यायला हवा. तुझ्याकडे फक्त ‘रजा मंजूर, अमुक तारखेपासून अमुकपर्यंत’ एवढाच मेल. कायद्याला दाखला हवाय, तुला हकीकत कळणं त्याला गरजेचं नाही. आमच्याकडे पूर्वी दाखला टीम लीडमार्फत यायचा. बायका तो द्यायच्याच नाहीत. वाट बदलली तेव्हा यायला लागला.”

मला विचाराल तर सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. मालकाला तपशील मागायचा हक्क असतो, तो त्या रजेला जी अट आहे तेवढ्यापुरताच, आणि ती अट तपासणाऱ्या माणसापुरताच. शिल्लक रजा वेळेत मागितली असेल तर अटच नाही. कायद्यानं दिलेली खास रजा, शिल्लक संपल्यावर मागितलेले जादा दिवस किंवा अगोदर न सांगता केलेला खाडा असेल, तर विचारणं वाजवी आहे. तिथेही आजाराचं नाव टीमसमोर यायचं कारण नाही.

“आणि जो दर सोमवारी सकाळी ‘वैयक्तिक’ असा मेसेज टाकतो, त्याचं काय?” मंद्यानं शेवटचा प्रयत्न केला.

“त्याला सोमवारांबद्दल विचार,” अण्णा म्हणाले. “तारखांची यादी पुढे ठेव. कामाचा खोळंबा होतोय, हे बोलायला तुला त्याचं कारण कशाला लागतं?”

मंद्याला हे पटलं, पण रिलीजचं कोडं सुटलं नव्हतं. ताईनं त्याला तिथेच मेसेज लिहायला लावला: ‘रजा मंजूर आहे. मंगळवारी रिलीज आहे, तुझं टेस्टिंग कोणाकडे देतेस ते शुक्रवारपर्यंत सांग.’ त्यानं शेवटी ‘सगळं ठीक आहे ना?’ जोडलं. ताईनं ते खोडायला सांगितलं, अण्णांनी राहू दे म्हटलं, आणि त्या चार शब्दांवर आणखी अर्धा तास गेला.